अकरा एकतीस

आमच्या महाविद्यालयाच्या रसायनशास्त्र विभागाने लावलेल्या तोंडी परीक्षेच्या वेळापत्रकात प्रत्येक आसनक्रमांकापुढे दोन वेळा छापलेल्या होत्या. एक 'उपस्थितीची वेळ' आणि दुसरी 'तोंडी परीक्षेची वेळ'. माझ्या क्रमांकापुढे ११.२५ आणि ११.४० असे लिहिले होते. तळाशी नियम होता की उशिरा येणाऱ्या विद्यार्थ्यास आपल्या तुकडीच्या शेवटी घेतले जाईल, आणि तुकडी संपली असल्यास दिवसाच्या शेवटी. दोन वेळांपैकी नेमक्या कोणत्या वेळेला उशीर झाला म्हणजे 'उशिरा', हे मात्र लिहिणाऱ्याला सुचले नव्हते. सुचले असते, तर हा लेख लिहिण्याची वेळ माझ्यावर आली नसती.

मी तवसाळहून फेरीबोटीने जयगडला उतरून रत्नागिरीला येतो. त्या दिवशी आंब्याच्या पेट्यांनी भरलेला एक टेम्पो बोटीवर चढताना तीन वेळा मागेपुढे झाला आणि तेवढ्यात माझी सहा मिनिटे गेली. प्रयोगशाळेच्या दाराशी मी पोहोचलो तेव्हा ११.३१ झाले होते, म्हणजे परीक्षेला अजून नऊ मिनिटे शिल्लक होती.

दाराशी पॅडला यादी अडकवून विभागाचे मामा बसले होते. त्यांनी चष्मा कपाळावरून नाकावर आणला, माझ्या क्रमांकावर पेन्सिल ठेवली आणि म्हणाले, "उशीर."

"मामा, माझी वेळ अकरा चाळीसची आहे."

"अकरा पंचवीस."

"ती उपस्थितीची वेळ झाली."

"मग उपस्थितीला उशीर." त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, हेच मला जास्त लागले. भरतीची वेळ सांगावी तितक्या शांतपणे त्यांनी ते सांगितले होते.

आत कोण आहे, असे मी विचारले. मामांनी यादी पाहून सांगितले की आठवा मुलगा आहे. आठव्याची वेळ ११.१० ची, म्हणजे परीक्षकच वीस मिनिटे मागे होते. तुकडीतल्या बारा जणांना प्रत्येकी दहा मिनिटे धरून १० ते १२ हे दोन तास कागदावर चोख भरले होते, पण दोन मुलांच्या मध्ये श्वास घ्यायलाही जागा ठेवली नव्हती, आणि पहिल्या दोघांवर बाह्य परीक्षकांनी वीस-वीस मिनिटे खर्च केली होती. मी अकरावा. त्या हिशेबाने माझी पाळी १२ च्या आधी येणार नव्हती. हा सगळा हिशेब मी मामांपुढे मांडला. त्यांनी तो अखेरपर्यंत ऐकून घेतला आणि विचारले, "तवसाळचा ना तू? माझी बहीण तिथेच दिली आहे." मग बहिणीच्या कलमांना यंदा मोहोर कसा होता, याची चौकशी झाली, मला माठातले पाणी मिळाले आणि माझ्या क्रमांकापुढे '११.३१, उशिरा' असे लिहून त्यावर माझी सही घेण्यात आली.

लवकर बोलावण्यामागचे कारण मला समजते. बाहेर पडलेल्यांनी दाराशी उभ्या असलेल्यांना प्रश्न सांगू नयेत, म्हणून पुढच्या एक-दोघांना आधीच आत आणून बसवतात. दिवस पुढे का ढकलता येत नाही, हेही समजते. बाह्य परीक्षक दुसऱ्या महाविद्यालयातून येतात, गुणपत्रकावर दोन्ही परीक्षकांच्या सह्या होऊन ते त्याच दिवशी लिफाफ्यात बंद होते आणि तोवर न आलेल्यापुढे शून्य नव्हे, तर 'अनुपस्थित' असे लिहिले जाते. पण ज्याला परीक्षकांसाठी अर्धा तास थांबायचेच होते, त्याच्या सहा मिनिटांनी कोणाचे काय बिघडले, हे मला आजही समजलेले नाही.

तुकडीच्या शेवटी म्हणजे फक्त एकच मुलगा पुढे जाणार, असे मी मनाला समजावले. तो बारावा मुलगा १२.२० ला बाहेर आला आणि त्याच्या मागोमाग परीक्षकही जेवायला निघाले. "तुकडी संपली," मामा म्हणाले आणि त्यांनी नियमाच्या दुसऱ्या अर्ध्या वाक्यावर पेन्सिल टेकवली.

दुसरी तुकडी एकला सुरू झाली. मला आत बोलावले तेव्हा ३.४० झाले होते. परीक्षकांनी एकच प्रश्न विचारला. ऑक्झॅलिक आम्लाच्या गरम द्रावणात पोटॅशियम परमँगनेटचे पहिले काही थेंब टाकले की त्यांचा गुलाबी रंग रेंगाळतो, आणि पुढचे थेंब मात्र पडताक्षणी रंगहीन होतात, ते का? मी सांगितले की अभिक्रियेतून तयार होणारे मँगनीजचे आयनच तिचा वेग वाढवतात, त्यामुळे सुरुवात संथ असते आणि पुढचे झरझर उरकते. सकाळच्या पहिल्या दोघांना वीस मिनिटे आणि मला चार, हे उदाहरण जिभेवर आले होते, ते मी गिळले.

बाहेर मामा एक डबा घेऊन उभे होते. "हा बहिणीकडे दे," ते म्हणाले, "आणि आता फेरीला उशीर करू नकोस, ती बोट कोणासाठी थांबत नाही."