थकलेल्या बिलाचे सुसंस्कृत स्मरणपत्र

इंदूरच्या एम. टी. क्लॉथ मार्केटमधील एखाद्या साडीच्या पेढीने दिवाळीपूर्वी आपण चालवत असलेल्या मराठी इन्स्टाग्राम पानावर तीन रील करून घेतल्या असतील, प्रत्येकी 12,000 रुपये हा दर ईमेलवर मान्य केला असेल आणि होळी आली तरी पैशांचा विषय निघत नसेल, तर आपण स्मरणपत्राचा मसुदा शांतपणे घासूनपुसून घ्यावा. विषयाच्या ओळीत बिल क्रमांक, तारीख आणि थकीत रक्कम घालणे अगदीच रोखठोक दिसते. तेथे ‘सहज आठवण’ एवढेच शोभते. 18 टक्के जीएसटी धरून झालेल्या 42,480 रुपयांपैकी 6,480 रुपये आपण बिलाच्या पुढच्याच महिन्यात पदरचे घालून सरकारकडे भरले आहेत, हे सांगून शेठजींना ओशाळवाणे करू नये.

रीचचा परिच्छेद मात्र भरघोस असावा. तीन रील अनुक्रमे 41,000, 38,000 आणि 29,000 खात्यांपर्यंत पोहोचल्या असतील, तर सरळ बेरीज करून ‘1,08,000 ग्राहक’ असे लिहावे. रामबागेतल्या ज्या काकूंनी तिन्ही रील पाहिल्या, त्या या बेरजेत तीनदा मोजल्या गेल्या, हे पेढीवर बसणाऱ्या भाच्याला कळणार नाही अशी आशा धरावी. (त्याला कळते. बहुधा तेवढेच कळते.) दर रीलमागे ठरला होता, रीचमागे नव्हे, आकडे हा काम झाल्याचा पुरावा आहे, किमतीचा आधार नव्हे, हे खरे तर एका वाक्यात आणि मान्यतेच्या ईमेलची तारीख देऊन सांगता येते. पण तसे केल्यास वादाला जागा उरत नाही, म्हणून दर आणि रीच एकाच वाक्यात गुंफावेत, जेणेकरून वाचणाऱ्याला भागाकार सुचेल.

सूक्ष्म वा लघु उद्योग म्हणून आपली सरकारी उद्यम नोंदणी आधीपासूनच असेल, तर तिचा उल्लेख कटाक्षाने टाळावा. 2006 च्या एमएसएमईडी कायद्यानुसार सूक्ष्म वा लघु उद्योगाचे पैसे लेखी करार असला तरी 45 दिवसांच्या आत द्यावे लागतात, आणि मुदत उलटल्यावर 31 मार्चपर्यंतही ते दिले नाहीत तर तो खर्च पेढीला त्या वर्षीच्या आयकरात वजा मिळत नाही, ही माहिती त्यांच्या सीएच्या कानी गेल्यास रक्कम मार्चअखेरीस खात्यात येण्याचा धोका संभवतो.

एवढे पथ्य पाळले की उत्तर हमखास येते: पहिल्या रीलच्या हिशेबाने तिसरीचे साधारण 8,500 रुपयेच होतात, दुसरीचेही थोडे कमी करा, आणि नवे बिल पाठवा. आपण आभार मानून फरकाची क्रेडिट नोट त्याच संध्याकाळी पाठवावी, कारण कागदपत्रांच्या बाबतीत शेठजींना उशीर मुळीच खपत नाही.