टॉवरवर खापर फोडण्याआधी प्रस्तावना उघडा

"ओ अँड एम मॅन्युअलची प्रस्तावना म्हणजे नुसती पानांची भरती. प्रत्येक मशीनचं कंपनीचं पुस्तक असतं, तेवढं पुरे. बाकी जुन्या ऑपरेटरला कानानेच सगळं कळतं. आणि इमारत ताब्यात मिळाली की त्या पानांचं काम संपलं." (फॅसिलिटीवाल्यांच्या ग्रुपवर फिरणारा मेसेज)

भरतीच्या तक्रारीत तथ्य आहे. आधीच्या प्रकल्पातून उचललेली, आभाराच्या ओळींनी भरलेली पानं मुंबईतल्या कितीतरी मॅन्युअलांत सापडतात. ती फाडून टाकली तरी काही बिघडत नाही. पण एसी प्लांट कोणत्या हवेसाठी आणि किती लोडसाठी आखला, कोणतं यंत्र कोणाआधी सुरू करायचं आणि कमिशनिंगच्या दिवशी प्रत्यक्ष काय रीडिंग मिळालं, हे सांगणारी प्रस्तावना रोज हाताशी हवी. ऑपरेटरला सगळ्यात जास्त उपयोग होतो तो या शेवटच्या रीडिंगांचा.

कंपनीची पुस्तकं का पुरत नाहीत, ते एका उदाहरणाने पाहू. जुलै महिना आहे, लोअर परळची एक ऑफिस इमारत, वॉटर-कूल्ड सेंट्रिफ्यूगल चिलर जवळजवळ पूर्ण लोडवर चालू आहे. अँपिअर नेहमीपेक्षा जास्त, कंडेन्सरचं प्रेशर चढलेलं. कूलिंग टॉवरमधून पाणी 31.5 अंशांना येतंय. सगळे म्हणतात, टॉवर गेला, पाणी थंड करत नाही.

आता प्रस्तावनेतलं डिझाइनचं पान बघा: बाहेरच्या हवेचं वेट बल्ब तापमान 28, टॉवरमधून निघणारं पाणी 32, कंडेन्सरमधून परतणारं 37. टॉवर पाण्याला वेट बल्बच्या खाली नेऊच शकत नाही. तो त्याच्या किती जवळ पोचतो, एवढंच त्याच्या हातात असतं. इथे डिझाइनमध्ये हा फरक 4 अंश धरलाय. आज वेट बल्ब 27.5 आहे आणि पाणी 31.5, म्हणजे फरक तेवढाच. मुंबईच्या पावसाळ्यात याच टॉवरकडून 28 अंशांच्या पाण्याची अपेक्षा धरणं चूक आहे. टॉवर त्याचं काम नीट करतोय.

मग पंप? पाणी 31.5 ला आत जातं आणि 36.5 ला बाहेर येतं. फरक 5 अंशांचा, डिझाइनइतकाच. पाणी कमी वाहत असतं, तर याच लोडला हा फरक 7–8 झाला असता.

राहिला कंडेन्सर. पॅनलवर गॅसचं कंडेन्सिंग तापमान 42 दिसतंय आणि पाणी 36.5 ला निघतंय, मध्ये 5.5 अंश. कमिशनिंगच्या तक्त्यात याच लोडला हा फरक 1.5 लिहिलाय. म्हणजे गॅसची उष्णता पाण्यात नीट उतरत नाही. आर-134ए वर चालणाऱ्या मशीनमध्ये आतला दाब कायम बाहेरच्या हवेपेक्षा जास्त असतो, त्यामुळे हवा शिरण्याची शक्यता कमी. पहिला संशय ट्यूबमध्ये बसलेल्या क्षारांवर आणि शेवाळावर घ्यायचा. ट्यूब ब्रशने साफ करायच्या, टॉवरच्या पाण्याची ट्रीटमेंट आणि ब्लोडाउन तपासायचं. टॉवरचं फिल बदलण्याचा खर्च करून काहीच सुधारलं नसतं.

हे निदान चिलरच्या पुस्तकात नाही, टॉवरच्या पुस्तकातही नाही. दोघांना जोडणारं पान फक्त प्रस्तावनेत असतं. एक मर्यादा मात्र लक्षात ठेवा: अर्ध्या लोडला हे सगळे फरक आपोआप कमी होतात. म्हणून तुलना सारख्याच लोडला करायची, नाहीतर गाळाने भरलेला कंडेन्सरही निरोगी दिसेल.

कानाच्या अनुभवाबद्दल मला मनापासून आदर आहे. बेअरिंगचा आवाज जुना ऑपरेटर मीटरच्या आधी ओळखतो. पण 1.5 चे 5.5 होईपर्यंत महिने जातात आणि रोज थोडा थोडा बदलणारा आवाज कानाला बदललेला वाटतच नाही. शिवाय एजन्सीचं कंत्राट बदललं की तो माणूस दुसऱ्या इमारतीत जातो. रात्रपाळीला आलेल्या नव्या मुलाला कळायला हवं की आधी कंडेन्सर आणि चिल्ड वॉटरचे पंप, टॉवरचे पंखे, दोन्हीकडे पाणी वाहत असल्याची खात्री आणि मगच चिलर. बंद करताना आधी चिलर, पंप मागाहून. कुठल्या पंपाचा इंटरलॉक कुठल्या चिलरशी जोडलाय, हे तर इमारतीगणिक बदलतं.

ताबा मिळाल्यावर काम संपतं, हे मला सगळ्यात घातक वाटतं. पंपाचा इंपेलर बदलला, एखादा व्हॉल्व्ह कायमचा बंद केला, टॉवरचं फिल नवं टाकलं, तर प्रस्तावनेतला तक्ता त्या दिवसापासून खोटं सांगू लागतो. वरच्या उदाहरणात ट्यूब साफ झाल्यावर, लोड पुन्हा तेवढाच असताना वेट बल्ब, दोन्ही पाण्यांची तापमानं, कंडेन्सिंग तापमान आणि अँपिअर घ्या. तारखेसकट आणि सहीसकट ते जुन्या रकान्याशेजारी लिहा. जुना आकडा खोडू नका.