आबांच्या जमिनीचा मोबदला आणि व्याजाची नोटीस

आमची दोन एकर जमीन मे २००८ मध्ये पाझर तलावात गेली. निवाड्यातली रक्कम तुटपुंजी होती म्हणून आबा कोर्टात गेले. वाढीव मोबदला कोर्टात जमा झाला मे २०२३ मध्ये, बरोबर पंधरा वर्षांनी.

एकूण १९,१४,००० रुपये. कर कापून खात्यावर आले १७,८२,६००. रिटर्न भरणाऱ्याने "शेतजमिनीचा पैसा माफ असतो" म्हणत सगळी रक्कम करमुक्त दाखवली आणि कापलेला कर परत मागितला. पुढे आयकर खात्याची नोटीस आली: सूट कशाच्या आधारे घेतली आणि व्याज का दाखवलं नाही?

आबा दोन रात्री झोपले नाहीत. मी कोर्टाचा हिशेबतक्ता काढला, तेव्हा सगळं कळलं. सक्तीने जमीन घेतल्याबद्दलच्या दिलासा रकमेसकट वाढीव मोबदला फक्त ६,००,००० होता. उरलेले १३,१४,००० व्याजाचे. १८९४ च्या जुन्या भूसंपादन कायद्यात ताबा घेतल्यापासून पहिल्या वर्षी ९ टक्के आणि नंतर १५ टक्के व्याज आहे. पंधरा वर्षांत ते मुद्दलाच्या २१९ टक्के झालं.

मुद्दलाचं उत्तर सोपं होतं. आमचं गाव नगरपालिकेच्या हद्दीपासून १४ किलोमीटरवर आहे, म्हणून ही जमीन आयकराच्या भाषेत भांडवली मालमत्ताच ठरत नाही आणि तिच्या मोबदल्यावर कर लागत नाही. तहसीलचा अंतराचा दाखला, पीकपाहणीसह जुना सातबारा आणि निवाड्याची प्रत जोडली.

व्याजाचं तसं नाही. २००९ मध्ये सुप्रीम कोर्टाने घनश्याम प्रकरणात त्याच जुन्या भूसंपादन कायद्याच्या कलम २८ चं व्याज हा मोबदल्याचाच भाग मानला होता. मलाही तेच न्याय्य वाटतं. सरकारने पंधरा वर्षं पैसे अडकवले, मग ते व्याज म्हणजे आबांची कमाई कशी? पण नंतर आयकर कायदा बदलला, आणि वाढीव मोबदल्यावरचं व्याज त्याच्या कलम ५६ खाली मिळालेल्या वर्षाचं उत्पन्न धरू लागले. हायकोर्टांची मतंही वेगळी आहेत: गुजरात शेतकऱ्याच्या बाजूने, पंजाब-हरियाणा आणि दिल्ली खात्याच्या बाजूने. आबांचं वय ७४. अजून एक दावा लढायचा नाही, असं त्यांनी ठरवलं.

म्हणून आम्ही व्याज कबूल केलं आणि त्यावर आयकर कायद्याच्या कलम ५७ ची निम्मी वजावट मागितली. ती पावत्यांशिवाय मिळते, मात्र वकिलाची फी वेगळी वजा होत नाही. करपात्र उरले ६,५७,०००. २०२३ च्या दुष्काळात शेतीतून हाती काही उरलं नव्हतं आणि दुसरं उत्पन्न नव्हतं. त्या वर्षी नव्या करप्रणालीत सात लाखांपर्यंत पूर्ण सवलत होती, म्हणून कर शून्य. निम्मी वजावट मागितली नसती, तर सेससह १,१७,३१२ रुपये भरावे लागले असते.

ज्यांची जमीन २०१३ च्या नव्या भूसंपादन कायद्याने गेली त्यांच्या मोबदल्याला त्याच कायद्याच्या कलम ९६ ने माफी आहे, आणि आयकर खात्याचं २०१६ चं ३६ क्रमांकाचं परिपत्रक उत्तराला जोडता येतं. पण उशिराच्या व्याजाचा प्रश्न तिथेही वेगळा विचारतात. तेव्हा पैसे उचलताना मुद्दल आणि व्याज वेगळं दाखवणारा तक्ता कोर्टातून मागून घ्याच. आमचा तक्ता चार पानांचा होता, आणि रिटर्न भरताना तो कुणी उघडलाच नव्हता.