अडीच वर्षांची रेघ : मृणालताईंच्या प्रतिक्रियेला उत्तर

“तुमचा लेख वाचून माझे दीर-जाऊ हुरळून गेले आहेत. साडेतीन वर्षांची मुलगी दत्तक घ्यायची म्हणतात, दोन महिन्यांची असल्यापासून शिशुगृहात वाढलेली. मीही बी.एड.ला मानसशास्त्र शिकले आहे. अडीच वर्षांनंतर आईची माया मिळाली तरी तिचा उपयोग जवळजवळ शून्य, असं बोल्बींनी स्पष्ट लिहिलं आहे. रोमानियाच्या अनाथालयांतल्या मुलांचे हालही जगाने पाहिले. गोड बोलून एखाद्या घराला खड्ड्यात घालू नये. – मृणाल, रामबाग, इंदूर”

मृणालताई, ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञ जॉन बोल्बींचं ते वाक्य तुमच्या नीट लक्षात आहे. जागतिक आरोग्य संघटनेसाठी त्यांनी १९५१ साली लिहिलेल्या अहवालात ते खरोखरच आहे. पुढे तर ते असंही म्हणतात की बहुतेक बाळांच्या बाबतीत ही मुदत वर्षाच्या आतच संपत असावी. पण ते कशाच्या जोरावर एवढं ठाम बोलले, हे बी.एड.च्या पुस्तकात सहसा येत नाही.

त्यांचा मोठा आधार होता अमेरिकेतल्या विल्यम गोल्डफार्ब यांचा. त्यांनी पंधरा मुलं घेतली, जी तान्हेपणी संस्थेत आली आणि साधारण तीन वर्षांची झाल्यावर पालक-कुटुंबांत गेली. शेजारी दुसरी पंधरा ठेवली, जी लहानपणापासून कुटुंबातच होती. दहा ते चौदा वर्षांची झाली तेव्हा संस्थेतली मुलं बुद्धीत, भाषेत, मैत्रीत मागे निघाली. इथवर तुमच्या बाजूचंच आहे. पण ती संस्था कशी होती ते पाहा. साथ पसरू नये म्हणून नऊ महिन्यांपर्यंत प्रत्येक बाळ वेगळ्या कप्प्यात. माणूस दिसायचं ते दूध पाजायला, कपडे बदलायला, तेवढ्यापुरतं. त्या बाळांना आई नव्हती, तसा आवाज नव्हता, खेळ नव्हता, शेजारी दुसरं मूलही नव्हतं. मग नुकसान कशामुळे झालं, हे त्या आकड्यांतून कसं काढणार? शिवाय कोणतं मूल लवकर घरात गेलं आणि कोणतं मागे राहिलं, हे कुणी चिठ्ठ्या टाकून ठरवलं नव्हतं. हसरं, चुणचुणीत बाळ आधी उचललं जातं, हे कुणालाही कळेल.

बोल्बींनी नंतर स्वतःच एक अभ्यास केला, १९५६ साली छापून आलेला. चार वर्षांच्या आत क्षयरोगामुळे सॅनेटोरियममध्ये काही काळ राहून आलेली साठ मुलं त्यांनी त्यांच्या वर्गमित्रांशी ताडून पाहिली. थोडीफार कुरबुर सापडली, पण बुद्धीत म्हणावा असा फरक निघाला नाही आणि निर्विकार, गुन्हेगारी वृत्तीच्या मुलांची फौज तर नाहीच नाही. अशा मुलांची कायमची वाट लागते हे म्हणणं फुगवलेलं होतं, अशी कबुली त्याच लेखात आहे. आपल्याकडे नोट्स फिरतात त्या मात्र १९५१च्याच.

आता तुमच्या घरच्या मुलीला सगळ्यात जवळचा अभ्यास. बार्बरा टिझार्ड आणि नंतर जिल हॉजेस यांनी इंग्लंडमधल्या निवासी नर्सरींतली ६५ मुलं वर्षानुवर्षं पाहिली. सगळी चार महिन्यांच्या आत संस्थेत आलेली, म्हणजे तुमच्या मुलीसारखीच. तिथे खाणंपिणं चांगलं, खेळणी, पुस्तकं, फिरायला नेणं, सगळं होतं. नव्हतं ते एकच : कायमचं माणूस. मुलांनी कुणा एकीला बिलगू नये असंच तिथलं धोरण. त्यात नोकरी सोडून जाणाऱ्या, पाळी बदलणाऱ्या बायका. दोन वर्षांच्या मुलाला तोवर सरासरी चोवीस जणींनी सांभाळलेलं असायचं, चार वर्षांच्याला जवळपास पन्नास जणींनी. कायमचं माणूस नसणं आणि बोलणं-खेळणं नसणं, या गोल्डफार्बच्या संस्थेत एकमेकांत गुंतलेल्या दोन गोष्टी इथे सुट्या झाल्या. आणि निकाल? साडेचार वर्षांची असताना या मुलांची बुद्धी सर्वसाधारण मुलांइतकीच होती. बुद्धी खुंटते ती मुलाशी कुणी बोलत-खेळत नाही म्हणून. एकच माणूस जवळ नसण्यानं बिघडतं ते वेगळं.

दोन ते सात वर्षांच्या दरम्यान यातली काही मुलं दत्तक गेली आणि काही स्वतःच्या आईवडिलांकडे परतली. बोल्बींच्या हिशेबाने दोन्ही गटांतल्या बहुतेकांची मुदत टळलेली. तरीही आठव्या वर्षी दत्तक मुलं जवळजवळ सगळी नव्या आईला घट्ट धरून होती, आणि सोळाव्या वर्षीही बहुतेकांचं नातं टिकलेलं होतं. सख्ख्या आईकडे परतलेल्यांत मात्र असं नातं निम्म्यांतच जुळलं. कारण शोधायला लांब जावं लागत नाही. परत नेणारी घरं गरीब होती, तिथे दुसरी मुलं होती आणि आईचं मन द्विधा होतं. दत्तक घेणाऱ्यांना मूल हवंच होतं, आणि त्यांनी त्याच्यासाठी वेळ काढला. मुलं मोजकी, काही अधेमधे गळालेली, आणि दत्तक कोण गेलं हेही चिठ्ठ्यांवर नव्हतं, म्हणून मी यावर फार मोठी इमारत बांधणार नाही. पण ‘अडीच वर्षांनंतर शून्य’ हा दावा पाडायला एवढं पुरतं.

तुमच्या जाऊबाईंना मी काही लपवून मात्र ठेवणार नाही. सोळाव्या वर्षी दोन्ही गटांतल्या मुलांत एक गोष्ट राहिली होती : बरोबरीच्या मुलांशी खटके, जिवलग मित्र कमी, आणि मोठ्यांचं लक्ष वेधण्याची धडपड. शिशुगृहात गेलात तर या धडपडीचं लहान रूप दिसतं. दारात कुणीही बाई आली की दोन-तीन चिमुरडी धावत येतात, पाय धरतात, “मम्मी आ गई”. पाहुण्यांना भरून येतं, फोटो निघतात. तेच मूल पुढच्या पाहुणीचेही पाय तसेच धरतं. घरी आल्यावर हीच सवय तुमच्या इंदूरच्या राजवाड्याच्या गर्दीत अनोळखी माणसाचं बोट धरून चालू लागते, तेव्हा घाबरायला होतं.

रोमानियाबद्दल थोडक्यात. तिथून इंग्लंडमध्ये दत्तक आलेल्या १६५ मुलांचा मागोवा तरुणपणापर्यंत घेतला गेला. ज्यांनी अनाथालयात सहा महिन्यांपेक्षा कमी काळ काढला ती इंग्लंडमधल्या दत्तक मुलांपेक्षा फारशी वेगळी निघाली नाहीत. जास्त राहिलेल्यांत चंचलपणा आणि परक्यांशी अतिसलगी अनेकांत टिकून राहिली. हे नुकसान खरं आहे, ते मी नाकारत नाही. पण बुद्धीतला मागासपणा मोठेपणी बराच भरून निघाला, आणि या जास्त राहिलेल्यांपैकीही पाचातल्या एकाला कुठल्याच टप्प्यावर अडचण दिसली नाही. शिवाय ती मुलं उपाशी, थंडीत, खाटेला खिळलेली होती. तिथली सहा महिन्यांची रेघ उचलून प्रत्येक शिशुगृहावर ओढता येत नाही.

म्हणून दीर-जावांना वय विचारण्यापेक्षा फाइल वाचायला सांगा. दत्तक प्रक्रियेत मुलाचा अभ्यास-अहवाल आणि वैद्यकीय तपासणीचा अहवाल दाखवतात. त्यात वजन आणि डोक्याचा घेर कसा वाढत गेला ते बघा. वाढ अडलेली असेल तर निव्वळ माणूस नसण्यापेक्षा जास्त काहीतरी घडलंय, असं समजून बालरोगतज्ज्ञांना दाखवा. मग तिथल्या आयांना विचारा : पोरीला लागलं तर कुणाकडे धावते? रात्री कुणाशिवाय झोपत नाही? एखादं नाव चटकन आलं तर ती कुणाला तरी बिलगायला शिकलेली आहे, आणि ते घरी सोबत येतं. “सबके पास जाती है, बहुत प्यारी है,” असं उत्तर आलं, तर पहिले काही महिने पाहुणे, सत्यनारायण, सगळ्या आत्या-मावश्यांच्या मांड्या लांबणीवर टाकायच्या. जेवू घालणं, न्हाऊ घालणं, झोपवणं फक्त दोघांनीच करायचं. शाळेत घातल्यावर बाईंना मार्कांपेक्षा ती डबा कुणाबरोबर खाते ते विचारायचं.