परदेशातून: U चा V करू नका

"मामा, जर्मन पुस्तकाच्या पानाचा फोटो काढून मराठी केलं. सगळं बदललं, पण सूत्रं तशीच राहिली. आम्ही आयटीआयला V = IR शिकलो, इथे U = R · I आलंय. ते पण बदलायला नको का?"

प्रश्न सातपूरहून आला. भाचा इलेक्ट्रिशियन आहे. २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला. त्यानंतर नाशिकमध्ये जर्मन शिकायला लागलेल्या मुलांपैकी तो एक. मी त्याच राज्यात, श्टुटगार्टला राहतो.

माझं उत्तर स्पष्ट आहे: नको. जर्मन पुस्तकात व्होल्टेजसाठी U लिहितात, तो U च राहू दे.

त्याने पाठवलेलं पान सिरीज सर्किटचं होतं. दोन रेझिस्टर, R₁ = 100 Ω आणि R₂ = 220 Ω. दोन्ही मिळून 320 Ω. एकूण व्होल्टेज 8 V, म्हणून करंट 0,025 A; जर्मनमध्ये दशांशचिन्ह म्हणून स्वल्पविराम लिहितात. पहिल्या रेझिस्टरवर U₁ = R₁ · I = 2,5 V, उरलेलं दुसऱ्यावर. बाजूला सर्किटची आकृती, आणि तिच्यात बाणांवर U₁, U₂ लिहिलेलं. मजकुरात U चा V केला, तर आकृतीतला बाण कोण बदलणार? ती छापलेली आकृती आहे, फोटोत जशीच्या तशी राहते. मुलगा मजकुरात V₁ वाचेल आणि आकृतीत V₁ शोधत बसेल. शिवाय V = 8 V असं लिहिलं की पहिला V म्हणजे राशी आणि दुसरा म्हणजे एकक. छापील पुस्तकात पहिला तिरपा आणि दुसरा उभा असतो, त्यावरून कळतं. फोटोवरून उतरवलेल्या मजकुरात हा तिरपेपणा बहुतेक वेळा नाहीसा होतो. जर्मन U ने निदान हा गोंधळ होत नाही.

नाशिकला आलो की पंचवटीतल्या आमच्या गणिताच्या निवृत्त सरांशी यावर बोलणं होतंच. त्यांचं म्हणणं, "भाषांतर म्हणायचं आणि निम्मं पान रोमन ठेवायचं, हे कसलं मराठी? आमच्या वेळी त्रिकोण अबक होता, तरी प्रमेयं समजत होती." समजत होती, यात शंका नाही. सरांनी शिकवलेली भूमिती माझ्या अजून डोक्यात आहे. पण रोमन अक्षर म्हणजे इंग्रजी, हे गृहीतक मला मान्य नाही. गंमत अशी की समोरच्या बाजूचे पालकही तेच धरून चालतात: सूत्रं इंग्रजीतच आहेत, मग मुलाला सेमीला घाला, समजावणंही इंग्रजीत होऊ दे. दोन्ही बाजू एकाच चुकीवर उभ्या आहेत.

इथल्या शाळेतलं पदार्थविज्ञानाचं पुस्तक उघडलं की पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत जर्मन असतं आणि सूत्रांत हीच अक्षरं असतात. त्यामुळे आपली शाळा इंग्रजी माध्यमाची झाली, असं इथे कुणाच्या मनातही येत नाही. करंटसाठीचा I फ्रेंचांकडून आला, Ω ग्रीक आहे आणि ज्याच्या नावाने हे एकक ओळखतात तो ओम जर्मन होता. बालभारतीच्या मराठी पुस्तकातही आज △ABC असतोच. चिन्हं तशीच ठेवून समजावणं पूर्ण मराठीत करता येतं, आणि तसंच करायला हवं, असं मी ठामपणे म्हणतो.

मात्र चिन्हं तशीच राहिली म्हणजे काम झालं, असं नाही. खरी अडचण पुढेच आहे, आणि भाच्याच्या पानावर ती दिसली. मूळ वाक्यात सांगितलं होतं की U₂ काढायला U₁ हे U_ges मधून, म्हणजे एकूण व्होल्टेजमधून, वजा करायचं. जर्मनमध्ये U₁ आधी येतं, U_ges नंतर. भाषांतर करताना सूत्रं बाजूला काढून त्यांच्या जागी खुणा ठेवतात, मजकूर मराठी करतात आणि मग सूत्रं परत बसवतात. मराठीत क्रम उलटतो: 'U_ges मधून U₁ वजा करा'. खुणा मराठी वाक्याप्रमाणे हलल्या तर ठीक. त्या मूळ क्रमानेच बसवल्या, तर वाक्य होतं 'U₁ मधून U_ges वजा करा'. भाच्याच्या पानावर हेच झालं होतं. मराठी शुद्ध, चिन्हं शुद्ध, अर्थ उलटा.

हे नुसतं वाचून सापडत नाही. चिन्हं मोजूनही सापडत नाही, कारण दोन्हीकडे तीच चिन्हं तितकीच आहेत. आकडे घालायला लागतात: 2,5 मधून 8 गेले की उत्तर −5,5 येतं. पुस्तकाच्या उत्तरात 5,5 V आहे. तो उणे दिसला की वाक्य उलटं बसलंय हे कळतं. भागाकाराच्या वाक्यांतही आकडे घालूनच बघायचं, म्हणजे कशाला कशाने भागायचं यात शंका राहत नाही.

दुसरी चूक फोटो वाचतानाच होते. त्याच पानावर करंट 25 · 10⁻³ A असाही लिहिला होता. वर चढवलेला −3 खाली आला आणि 25 · 10-3 झालं. असं कुणी गणित म्हणून सोडवलं तर उत्तर 247 येईल, 0,025 नव्हे. म्हणून भाच्याला सांगितलं की सूत्र नेहमी मूळ फोटोत बघ, मराठी केलेल्या पानात फक्त समजावणं वाच.

हे बोलणं चाललं असताना भावजींनी मध्येच अंबडच्या कारखान्याची गोष्ट काढली. त्यांच्याकडे बाहेरून आलेल्या मशीनच्या पॅनेलचा नकाशा कुणीतरी मराठी करून दिला होता आणि त्यात पॅनेलमधल्या भागांची K1, S2 ही नावंही बदलली होती. "वायरवर K1 लिहिलंय, कागदावर भलतंच. आम्ही शोधायचं कुठे?" प्रश्न पाठ्यपुस्तकाचा होता, पॅनेलचा नव्हता. पण माझ्या बाजूने याहून चांगला दाखला मला सापडला नसता.

एका ठिकाणी मी स्वतः ठाम नाही. U_ges मधलं ges हे 'एकूण' या अर्थाच्या जर्मन शब्दाचं लघुरूप आहे. ते चिन्हाचा भाग मानायचं की शब्द? इथल्या व्यवसाय शाळेत शिकवणारे माझे शेजारी म्हणतात, तसंच ठेवा आणि पहिल्यांदा येईल तिथे 'U_ges म्हणजे एकूण व्होल्टेज' एवढं सांगा. मला ते पटतं. दशांशाच्या स्वल्पविरामाबद्दल मात्र सरांचं आणि माझं एकमत नाही. त्यांच्या मते 2,5 हे नाशिकच्या मुलाला कळणारच नाही, 2.5 करायलाच हवं. नाशिकच्या वर्गासाठी ते बरोबर असेल. पण भाच्याला उद्या इथल्या परीक्षेत 2,5 V असंच दिसणार आहे, म्हणून त्याच्या पानावर स्वल्पविराम राहू द्यावा, असं मी म्हणतो. सर अजून ऐकायला तयार नाहीत.