तिसऱ्या सीटवरचे काका

काल दुपारी सेकंड शिफ्टला निघालो, डोंबिवलीला चौथी सीट मिळाली आणि त्या आनंदात बायकोला ‘मिस यू’ पाठवलं. मग ‘जेवलीस का?’ मग ‘काय करतेयस?’ निळ्या टिका आल्या, उत्तर नाही. दहा मिनिटांनी नुसतंच ‘?’ टाकलं. त्यावर उत्तर आलं : ‘गॅस बंद केलास ना?’

तेवढ्यात शेजारून आवाज आला, “प्रश्नचिन्ह नको होतं.”

तिसऱ्या सीटवरचे काका. मांडीवर डबा, नजर माझ्या फोनमध्ये.

“सॉरी, वाचलं. फॉन्ट मोठा ठेवलाय तुम्ही.”

चाळिशीनंतर ठेवावा लागतो, हे त्यांना कशाला सांगू? पण काका पेटले होते. “वहिनी कुठे असतात?”

“बँकेत. काउंटरवर.”

“आज एक तारीख! समोर पेन्शनरांची रांग, आणि तुम्ही चार मेसेजांत तीन प्रश्न विचारताय? प्रश्न आला की उत्तर द्यावं लागतं. म्हणजे रांगेत पाचवे तुम्ही.”

समोरचे दोघे हसले. त्यांना कोणी विचारलं होतं?

मी घाईघाईने मेसेज एडिट करायला गेलो. पंधरा मिनिटं उलटली होती, आता एडिट होत नाही. “डिलीट करू?”

“मुळीच नको! डिलीट केल्याची पाटी मागे राहते. मग संध्याकाळी ‘काय होतं त्यात?’ यावर अर्धा तास. माझा भाचा भोगून चुकलाय.” भाच्याची कथा मुलुंडपर्यंत चालली. त्यात एक मेहुणी होती आणि एक चुकीचा ग्रुप. ती कथा इथे नको.

“आज वहिनींची आठवण नेमकी कशावरून आली?”

आता हे परक्या माणसाला, भर डब्यात? पण सांगितलं. प्लॅटफॉर्मवर एक बाई सोनचाफा विकत होती. ही पर्समध्ये दोन फुलं ठेवते, मग नोटांनाही वास येतो.

“अहो, मग तेच लिहा! ‘मिस यू’ काय, कोणीही कोणालाही पाठवतं. फूल लिहा, पर्स लिहा, आणि शेवटी प्रश्न नको. वाचून फोन उलटा ठेवता आला पाहिजे. आणि मग संध्याकाळपर्यंत गप्प बसायचं. ऑनलाइन दिसल्या तरी.”

लिहिलं : ‘स्टेशनवर सोनचाफा दिसला. तुझ्या पर्सचा वास आला. गॅस बंद आहे.’ काकांनी ‘गॅस’वर नापसंतीने मान हलवली, पण ती चौकशी तिने केली होती, मी नाही.

कुर्ल्याला उत्तर आलं. लाल बदाम! बारा वर्षांत मला स्वतःच्या अकलेवर एकदाही न मिळालेला. काकांनी तो माझ्याआधी पाहिला आणि समोरच्या दोघांनाही सांगितला.

दादरला उतरताना खाली अजून एक ओळ आली :

‘छान आहे. कोणी लिहून दिलं?’