हळदीच्या कार्यक्रमाचं डिपॉझिट का कापलं: सोसायटी हॉल समितीचं उत्तर

"हॉल प्रशस्त आहे, पण पैशाच्या बाबतीत सावध राहा. दहा हजार डिपॉझिटमधले 3,800 कापले आणि पावतीवर फक्त 'सफाई व इतर' एवढंच लिहिलं. निघताना आम्ही स्वतः झाडून, पुसून घेतलं होतं. त्याआधी एक तारीख 12 दिवस आधी रद्द केली, तर भाडं अर्धंच परत. कसली लूट ही?"

नमस्कार. पावतीबद्दलची तुमची तक्रार बरोबर आहे. कापलेल्या प्रत्येक रुपयाचं कारण पावतीवरच यायला हवं होतं. तो हिशेब इथे देतो.

3,800 मध्ये तीन रकमा आहेत: फरशीचे 2,000, जादा वेळेचे 1,200 आणि मोरी तुंबल्याचे 600.

फरशीचं आधी सांगतो, कारण झाडून-पुसून घेऊनही पैसे का गेले हे त्यातच आहे. हॉलची फरशी कोट्याची आहे. तेलात कालवलेली हळद तिच्यावर सांडली की पृष्ठभागावर राहत नाही, सांध्यांतून आत उतरते. स्टेजसमोर साधारण चार फरश्यांवर हळद सांडली होती आणि ती साबणाच्या पाण्याने घासली गेली. हळदीला चुना लागला की लाल होते, तसंच साबण किंवा सोड्यानेही होतं. पिवळा डाग तांबडा झाला आणि घासताना सांध्यांत आणखी पसरला. तुम्ही मनापासून पुसलंत यात शंका नाही, पण डाग त्यामुळेच बसला. त्यावर ॲसिड चालत नाही, कारण कोटा हा चुनखडीचा दगड आहे आणि ॲसिडने त्याची पॉलिश उडते. म्हणून त्या चार फरश्यांचे सांधे खरवडून पुन्हा भरले आणि तेवढ्या भागाला मशीनने पॉलिश केलं. कारागिराचं बिल 2,000 चं आहे.

हे टाळणं सोपं आहे. हळदीच्या कार्यक्रमाला 10 बाय 12 फुटांची ताडपत्री ऑफिसमधून विनाशुल्क मिळते. चौरंग तिच्या मधोमध ठेवा आणि कडा आतल्या बाजूला दुमडा, म्हणजे ओघळ बाहेर जात नाही. तरीही सांडलंच तर पाणी ओतू नका. आधी कोरड्या फडक्याने टिपा, वर बेसन भुरभुरून 15 मिनिटं ठेवा म्हणजे तेल शोषलं जातं, मग झाडून साध्या पाण्याने पुसा.

जादा वेळेचं असं. तुमचं बुकिंग सकाळच्या सत्राचं, 7 ते 3 होतं. या वेळेत सामान हलवणं आणि केटररने भांडी उचलणंही धरलेलं असतं. चावी 4.40 ला परत आली. 20 मिनिटांची सवलत वजा जाता 1 तास 20 मिनिटं उरतात. दर अर्ध्या तासाला 400 रुपये आणि अपुरा अर्धा तास पूर्ण धरतो, म्हणून 1,200. संध्याकाळचं सत्र 5 ला सुरू होतं आणि मधल्या दोन तासांत हॉल धुऊन वाळवायचा असतो. त्यातला बहुतेक वेळ गेला की पुढच्या पार्टीला ओली फरशी मिळते.

मोरीचे 600 तुम्हाला परत करतोय. भांडी धुण्याच्या जागेची जाळी काढलेली होती आणि भात-डाळीचा गाळ पाइपात अडकला, हे प्लंबरने दाखवलं. पण चावी देताना जाळी जागेवर होती याचा फोटो आमच्याकडे नाही. पुराव्याशिवाय पैसे कापणं योग्य नाही. यापुढे चावी देताना आणि घेताना फरशी, मोरी, स्वच्छतागृह आणि भिंतींचे फोटो दोघांच्या समोर काढले जातील.

रद्द करण्याबद्दल: 30 दिवसांपेक्षा जास्त आधी कळवलं तर 500 वजा जाता पूर्ण भाडं परत मिळतं, 15 ते 30 दिवस आधी 75 टक्के, 7 ते 14 दिवस आधी 50 टक्के, त्यानंतर काही नाही. तुमचे 6,000 पैकी 3,000 म्हणूनच परत आले. डिपॉझिटला मात्र रद्द करण्याचा नियम लागू नाही, त्यामुळे त्या तारखेचे 10,000 तुम्हाला पूर्ण मिळाले. मुहूर्ताची तारीख लोक महिना-दोन महिने आधी ठरवतात, 12 दिवसांवर आलेली तारीख सहसा रिकामीच जाते. तुमच्या तारखेला दुसरं कोणी आलं असतं तर 500 वजा जाता उरलेलं भाडंही दिलं असतं, तो नियम फॉर्मच्या मागे आहे. तसं कोणी आलं नाही, हे बुकिंग रजिस्टरमध्ये पाहता येईल. एक गोष्ट फॉर्म देताना आम्ही तोंडी सांगायला हवी होती: 21 दिवस आधी कळवलं तर तारीख एकदा फुकट बदलून मिळते.

600 रुपये ज्या खात्यावर डिपॉझिट परत केलं त्याच खात्यावर पाठवतो. कारागिराच्या बिलाची प्रत आणि तपशीलवार पावती ऑफिसमध्ये तयार आहे. सोमवार ते शनिवार, संध्याकाळी 6 ते 8 या वेळेत जुनी पावती घेऊन या, बदलून देऊ.